पेन्शन वाढते, पण औषधांची चिठ्ठी तिच्या पुढे धावते

निवृत्तीनंतर घरखर्चाच्या वहीत दूध, किराणा, वीज, गॅस यांचे रकाने असतात. औषधे मात्र बहुधा ‘इतर’मध्ये जातात. रकमेकडे पाहिले तर सुरुवातीला त्यात काही वावगेही वाटत नाही. पण सगळ्यात वेगाने वाढणारा खर्च हाच असतो.

पेन्शनरांना मिळणारा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो. हा निर्देशांक औद्योगिक कामगारांच्या सरासरी कुटुंबाचा असतो. त्यात शाळेत जाणारी मुलेही आली आणि धडधाकट तरुणही. २०१२ पायाभूत वर्षाच्या सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकातही आरोग्याचे वजन शंभरात सहापेक्षाही कमी होते. सत्तरीच्या जोडप्याच्या घरात हा वाटा कितीतरी मोठा असतो. म्हणजे भत्ता वेळेवर मिळाला तरी तो दुसऱ्याच कुणाच्या तरी खर्चाच्या मापाने कापलेला असतो. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शनला तर महागाई भत्ताच नाही.

एका साठीच्या जोडप्याचा हिशेब करून पाहू. पेन्शन ३०,००० रुपये आणि खर्चही तेवढाच. त्याला मधुमेह, तिला रक्तदाब. औषधांचे महिन्याला २,२०० रुपये. वर्षातून दोनदा रक्त-लघवीच्या तपासण्या ४,०००, दोघांच्या डोळ्यांची तपासणी १,६०० आणि डॉक्टरांची फी ४,०००, असे वर्षाचे ९,६०० रुपये, म्हणजे महिन्याला ८००. आरोग्याचा एकूण खर्च ३,००० रुपये. आता पेन्शन आणि बाकीचा खर्च दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढतो आणि वैद्यकीय खर्च दहा टक्क्यांनी, असे धरू. दहा वर्षांनी आरोग्याचे ३,००० रुपये सुमारे ७,८०० होतात, वीस वर्षांनी वीस हजारांच्या वर जातात. तेव्हा पेन्शन साधारण ७९,६०० असेल आणि खर्च ९१,८००. दरमहा बारा हजारांची तूट! यात दोघांनाही नवा आजार झालेला नाही आणि एकही गोळी वाढलेली नाही. प्रत्यक्षात साठीत दोन गोळ्या घेणारा माणूस पंचाहत्तरीत सहा-सात घेतो.

ही तूट आधी वहीत दिसत नाही, ती गोळ्यांच्या पाकिटात दिसते. विजेचे बिल थकवता येत नाही, किराणा टाळता येत नाही, पण रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड घेतली तर त्या दिवशी काहीच होत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली तरी काही दुखत नाही. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात पक्षाघाताचे असे रुग्ण येतात, ज्यांचे नातेवाईक सांगतात, ‘गोळ्या चालू होत्या की!’ खोदून विचारले की कळते, महिन्याचे पाकीट दीड-दोन महिने पुरत होते. घरच्यांनी एवढेच पाहावे: तीस गोळ्यांचे पाकीट तीस दिवसांत संपते का? शिल्लक राहत असेल, तर कारण विसरणेही असू शकते आणि पैसाही. आई-वडील दुसरे कारण सहसा स्वतःहून सांगत नाहीत.

‘आता सत्तरीनंतर सरकारी कार्ड आहे ना,’ असे हल्ली ऐकू येते. आयुष्मान भारत योजनेत २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असले तरी, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. ते घ्यायलाच हवे. पण ते दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रोजच्या गोळ्या, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, घरी ठेवलेली मावशी यांचा खर्च खिशातूनच होतो.

म्हणून आरोग्याचा रकाना वेगळा हवा, आणि शक्यतो बँक खातेही. वरच्या जोडप्याने पहिल्या वर्षापासून, बाकीचा खर्च थोडा आवरून, ३,००० ऐवजी ४,००० रुपये त्यात टाकावेत. उरलेले हजार रुपये नातवाच्या बारशाला किंवा घराच्या रंगाला काढायचे नाहीत, कारण ते सत्तरीनंतरच्या तुटीसाठी आहेत. ही रक्कम दर एप्रिलमध्ये दहा टक्क्यांनी वाढवावी. औषधांच्या किमतीही बहुधा तेव्हाच बदलतात: सरकारी किंमत-नियंत्रणाच्या यादीतील औषधे घाऊक निर्देशांकानुसार वाढतात, यादीबाहेरच्या औषधांवर कंपनीला वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. याशिवाय केव्हाही मोडता येईल अशी, चार-सहा महिन्यांच्या पेन्शनइतकी ठेव अचानक दाखल व्हावे लागले तर हाताशी असावी.

वहीतला हा रकाना डॉक्टरांनाही दाखवावा. खर्च झेपत नाही हे कळले, तर त्याच घटकाचे जनऔषधी केंद्रातले स्वस्त औषध लिहून देता येते आणि वर्षानुवर्षे चाललेले एखादे अनावश्यक टॉनिक किंवा पित्ताची गोळी बंद करता येते. कोणती गोळी थांबवायची हे मात्र डॉक्टरांनी ठरवायचे, पाकिटाच्या किमतीने नव्हे. अनेक चिठ्ठ्यांमध्ये सर्वात महाग टॉनिकच असते आणि सर्वात गरजेची रक्तदाबाची गोळी त्याहून कितीतरी स्वस्त.