दहा भावांची कसोटी

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेतल्या अक्सा रोझेनबर्ग या गुंतवणूक कंपनीच्या प्रोग्राममध्ये एक चूक शिरली. ही कंपनी ग्राहकांचे पैसे गणिती मॉडेलच्या सांगण्यावरून शेअर्समध्ये गुंतवत असे. मॉडेलमध्ये एकत्र येणाऱ्या आकड्यांपैकी काही दशांशात होते, तर काही टक्क्यांत. त्यांना एका मापावर आणायचं राहून गेलं आणि जोखीम आवरणारा एक महत्त्वाचा घटक निकामी झाला. प्रोग्राम मात्र बंद पडला नाही. तो रोज चालत राहिला, आकडे देत राहिला आणि त्या आकड्यांवर खरेदी-विक्री होत राहिली. २००९ च्या जूनमध्ये कंपनीतल्याच एका कर्मचाऱ्याच्या ही चूक लक्षात आली. त्यानंतरही काही महिने ती ग्राहकांपासून दडवली गेली. २०११ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने कारवाई केली तेव्हा कंपनीला ग्राहकांच्या नुकसानीपोटी २१.७ कोटी डॉलर आणि वर अडीच कोटी डॉलर दंड भरावा लागला.

दडवादडवीबद्दल दंड झाला, ते योग्यच झालं. पण त्याआधीची दोन वर्षं जास्त अस्वस्थ करतात, कारण त्या काळात कुणी काही लपवत नव्हतं. चूक कुणाला दिसलीच नव्हती.

शेअर बाजारासाठी लिहिलेल्या प्रोग्रामचा हाच धोका आहे. रेल्वे आरक्षणाचा प्रोग्राम चुकला तर एकाच जागेवर दोन प्रवासी येतात आणि लगेच बोभाटा होतो. खरेदी-विक्रीचा प्रोग्राम चुकला तर तो फक्त वेगळा निर्णय देतो, आणि वेगळा निर्णय चुकीचाच आहे हे त्याच्याकडे बघून कळत नाही. तोटा झाला तर बाजार वाईट होता असं वाटतं. फायदा झाला तर कुणी विचारतही नाही. मुंबईच्या बाजारांतही आता साधे गुंतवणूकदार पायथॉनमध्ये चार ओळी लिहून ब्रोकरमार्फत आपोआप ऑर्डरी टाकतात. सेबीने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यासाठी नियमांची चौकटही आखून दिली. त्यामुळे हा प्रश्न आता मोठ्या कंपन्यांपुरता उरलेला नाही.

त्यावरचा एक जुना आणि स्वस्त उपाय प्रोग्रामर मंडळी वापरतात. प्रोग्रामचा जो तुकडा भाव घेऊन ‘घ्या’ किंवा ‘घेऊ नका’ असा निर्णय देतो, त्याला सिग्नल फंक्शन म्हणतात. या तुकड्याला बाजारापासून वेगळं काढायचं, कायमचे ठरवून ठेवलेले थोडेसे भाव द्यायचे, आणि उत्तर आधीच हाताने काढून ठेवलेल्या उत्तराशी जुळतं का ते बघायचं. वाणी आपला तराजू एक किलोचं माप ठेवून तपासतो, तसंच हे. या तपासणीचं नाव युनिट टेस्ट.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. नियम असा: गेल्या दोन दिवसांच्या बंद भावांची सरासरी गेल्या चार दिवसांच्या सरासरीपेक्षा जास्त झाली की शेअर घ्यायचा, आणि जास्त राहिली नाही की विकायचा. निर्णय बाजार बंद होताना होतो, म्हणून त्याचा नफा-तोटा दुसऱ्या दिवसापासून मोजायचा. कसोटीसाठी दहा दिवसांचे भाव घेऊ: १०४, १०२, १००, ९८, १००, १०२, १०४, १०६, १०० आणि ९६.

पहिले तीन दिवस चार दिवसांची सरासरी निघतच नाही, तेव्हा निर्णय नाही. चौथ्या दिवशी छोटी सरासरी ९९ आणि मोठी १०१. पाचव्या दिवशी ९९ आणि १००. सहाव्या दिवशी छोटी १०१ वर जाते, मोठी १०० वरच राहते, आणि खरेदीचा सिग्नल येतो. सातव्या आणि आठव्या दिवशी तो टिकतो. नवव्या दिवशी भाव १०० वर कोसळतो आणि दोन्ही सरासऱ्या बरोबर १०३ होतात. छोटी आता मोठीपेक्षा जास्त नाही, म्हणून विक्री. हा बरोबरीचा दिवस मुद्दाम बसवलेला आहे. त्याचं कारण पुढे येईलच. एवढं सगळं कागदावर दहा मिनिटांत होतं. पायथॉनमध्ये ते असं दिसतं:

```python
import pandas as pd

def signal(close):
    fast = close.rolling(2).mean()
    slow = close.rolling(4).mean()
    return (fast > slow).astype(int).shift(1, fill_value=0)

def test_signal():
    close = pd.Series([104, 102, 100, 98, 100,
                       102, 104, 106, 100, 96])
    expected = [0, 0, 0, 0, 0, 0, 1, 1, 1, 0]
    assert signal(close).tolist() == expected
```

शून्य म्हणजे त्या दिवशी शेअर हातात नाही, एक म्हणजे आहे. सिग्नल सहाव्या दिवशी आला, पण एक सातव्या दिवशी दिसतो. `shift(1)` निर्णय एक दिवस पुढे ढकलतं. व्यवहाराचा हिशेब सोपा आहे. सहाव्या दिवशी बाजार बंद होताना १०२ ला घेतला, नवव्या दिवशी बंद होताना १०० ला विकला, म्हणजे दोन रुपये तोटा.

आता समजा, सहा महिन्यांनी कुणीतरी कोड आवरायला बसलं आणि `shift` कशासाठी आहे ते न कळल्यामुळे ते काढून टाकलं. प्रोग्राम तक्रार करत नाही. पण आता तो सहाव्या दिवसाची भाववाढही आपल्या खात्यात धरतो, म्हणजे सहाव्या दिवशी कळलेल्या गोष्टीवरून पाचव्या दिवशीच खरेदी केल्यासारखं दाखवतो. विक्रीही एक दिवस आधी सरकते. कागदावर खरेदी १०० ला आणि विक्री १०६ ला होते. दोन रुपये तोट्याचा व्यवहार सहा रुपये नफ्याचा झाला. भाव तेच, नियम तोच; प्रोग्रामला फक्त उद्याचं वर्तमानपत्र आज मिळालं. जुन्या भावांवर अशी चाचणी घेणारा माणूस खूश होऊन खरे पैसे लावतो, आणि खऱ्या बाजारात तो नफा कधीच दिसत नाही. दहा भावांच्या टेस्टमध्ये मात्र हा बदल तिथल्या तिथे पकडला जातो. सहाव्या जागी शून्याऐवजी एक येतो आणि टेस्ट नापास होते.

बरोबरीच्या दिवसाचं कारण इथे कळतं. `>` च्या जागी कुणी `>=` लिहिलं तर फरक फक्त दोन्ही सरासऱ्या समान असतानाच पडतो. तसा दिवस नमुन्यात नसता तर बदल निसटून गेला असता. आपल्या नमुन्यात नवव्या दिवशी विक्री होत नाही, शेअर दहाव्या दिवशी ९६ ला विकला जातो आणि तोटा दोनाचा सहा होतो. शेवटच्या जागी एक येतो, टेस्ट बोट दाखवते. भावही अशा बेताने निवडले आहेत की सरासऱ्या पूर्ण किंवा अर्ध्या याव्यात. पैशांतले वेडेवाकडे भाव घेतले तर संगणकाच्या दशांशातल्या बारीक फरकामुळे १०३ आणि १०३ समान ठरतील याची खात्री नसते.

तरीही या दहा भावांना एक चूक दिसत नाही. सुरुवातीच्या रिकाम्या जागा भरून काढायला लोक `rolling(4, min_periods=1)` लिहितात. मग चार दिवसांचे भाव नसले तरी असतील तेवढ्यांची सरासरी काढली जाते आणि अपुऱ्या माहितीवर निर्णय होऊ लागतो. आपल्या नमुन्यात पहिले चार भाव उतरते आहेत. त्यामुळे अपुऱ्या सरासरीवरही खरेदीचा सिग्नल येत नाही, उत्तर तेच राहतं आणि टेस्ट पास होते. त्यासाठी दुसरा नमुना हवा, आणि तो चढता हवा: १००, १०२, १०४, १०६, १०८. बरोबर फंक्शन चार दिवस शून्य देऊन पाचव्या दिवशी एक देतं. बिघडलेलं चौथ्याच दिवशी एक देतं. अशी भोकं शोधण्याची खरी रीत म्हणजे फंक्शन आपणच मुद्दाम मोडायचं. एक चिन्ह बदलायचं, एक आकडा बदलायचा, आणि टेस्ट नापास होते का ते बघायचं. नाही झाली तर तो बदल पकडणारा आणखी एक लहान नमुना लिहायचा.

अपेक्षित उत्तर कुठून आणायचं, यात आळस फार नडतो. फंक्शन चालवायचं आणि जे बाहेर येईल तेच अपेक्षित म्हणून चिकटवायचं, ही पळवाट सर्रास दिसते. त्यामुळे पुढचे बदल कळतात हे खरं, पण पहिल्या दिवशीच चूक असेल तर टेस्ट तिचीच राखण करत बसते. अक्सा रोझेनबर्गसारखी टक्के आणि दशांशाची गल्लत अशा टेस्टमधून सुटून जाईल. कागदावर किंवा एक्सेलमध्ये स्वतंत्रपणे काढलेल्या उत्तरात ती सुटणं कठीण. टेस्ट नापास झाल्यावर कोड न वाचता अपेक्षित ओळ बदलून टाकणं हीसुद्धा तीच पळवाट. नियम खरोखर बदलायचा असेल तर ओळ बदलावीच लागते. मग कोडच्या इतिहासात नियम आणि अपेक्षित उत्तर दोन्ही एकत्र बदललेली दिसतात, आणि तपासणाऱ्या सहकाऱ्याला नेमकं विचारता येतं की सातव्या दिवशीची खरेदी का गेली.

कधी कधी कोडला कुणी हातही लावत नाही आणि उत्तर बदलतं, कारण इंडिकेटर काढून देणारी बाहेरची लायब्ररी बदललेली असते. आरएसआय हा भावाचा जोर मोजणारा लोकप्रिय आकडा वेल्स वाइल्डर यांनी १९७८ मध्ये मांडला. त्यांच्या पद्धतीत १४ दिवसांच्या सरासरीत नव्या दिवसाचं वजन १/१४, म्हणजे सुमारे ७ टक्के असतं. नेहमीच्या एक्स्पोनेन्शिअल सरासरीत १४ दिवसांसाठी तेच वजन २/१५, म्हणजे १३ टक्क्यांहून जास्त. दोन्हींना लोक ‘१४ दिवसांचा आरएसआय’च म्हणतात. एका लायब्ररीतून दुसरीत जाताना हा फरक ग्राफवर चटकन दिसत नाही, पण ७० आणि ३० च्या रेषा वेगळ्या दिवशी ओलांडल्या जातात. एक ठरलेली भावांची यादी आणि वाइल्डरच्या सूत्राने हाताने काढलेला एक आकडा एवढ्यावर तो उघडा पडतो. मात्र आरएसआय पूर्णांकात येत नाही, म्हणून तिथे तंतोतंत बरोबरी न मागता `pytest.approx` ने थोडी सूट द्यावी लागते. सूट फार दिली तर टेस्टला अर्थ राहत नाही.

या कसोटीला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. नियम फायद्याचा आहे की नाही हे ती सांगत नाही. भावच चुकीचे आले तर तेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला आणि २८ तारखेला शेअरचा भाव सुमारे निम्म्यावर आला. गुंतवणूकदाराचं नुकसान झालं नव्हतं, कारण शेअर दुप्पट झाले होते. पण जुने भाव निम्मे न करता प्रोग्रामला दिले तर त्याला ती प्रचंड घसरण वाटते आणि तो विकून मोकळा होतो. आपलं सिग्नल फंक्शन यात निर्दोष आहे, त्याने दिलेल्या भावांवर नियमाप्रमाणेच निर्णय दिला. म्हणून भाव दुरुस्त करणाऱ्या तुकड्याला स्वतःची वेगळी टेस्ट लागते: बोनसच्या आधीचे तीन भाव, नंतरचे दोन, आणि दुरुस्तीनंतर आधीचे तिन्ही बरोबर निम्मे आले का एवढीच तपासणी.