डोकं दुखतंय? गार पट्टी की गरम शेक?

डोकं दुखायला लागलं की घरात दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणते, "गार पाण्याची पट्टी ठेव." दुसरी म्हणते, "छे, चांगलं शेकून काढ." खरं तर दोघींचंही बरोबर असतं, पण एकाच डोक्यासाठी नाही. दुखणं कोणत्या जातीचं आहे ते आधी ओळखायचं आणि मग पट्टी की शेक हे ठरवायचं. ते कसं ओळखायचं हेच आज बघू.

एक घर डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर महिना, सोयाबीनची काढणी चालू आहे. थोरली आणि धाकटी अशा दोघी जावा दिवसभर रानात होत्या. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा दोघींचंही डोकं दुखत होतं.

थोरली दिवसभर वाकून विळा चालवत होती. शिवाय डोक्यावरून भारे वाहिले. ती सांगते, "डोक्याला कुणी फडकं आवळून बांधलंय असं वाटतंय. दोन्ही बाजूंनी दुखतंय, मानेपासून वर चढतंय." तिला मळमळ नाही. दुखत असतानाही ती चूल पेटवते, भाकऱ्या थापते. तिच्या खांद्यावर, मानेलगत, अंगठ्याने दाबून बघा. तिथे गाठीसारखं कडक लागेल आणि दाबल्यावर ती म्हणेल, "हां, इथूनच येतंय." हे स्नायू आखडल्याचं, ताणाचं दुखणं आहे.

धाकटीचा त्या दिवशी उपवास होता. ऊन डोक्यावर आणि पोटात काही नाही. तिचं दुखणं एका बाजूला, डोळ्याच्या मागे आणि कानशिलात आहे. नाडी उडावी तसं ठणकतंय. उजेड नको वाटतो, भांड्यांचा आवाज सहन होत नाही, पोटात ढवळतंय. उठून चार पावलं चालली तरी ठणका वाढतो. ही अर्धशिशी. ती अंधाऱ्या खोलीत पडून राहिली तर तो आळस नव्हे. अर्धशिशीत हालचालीने दुखणं खरोखरच वाढतं.

आता उपाय. थोरलीला गरम शेक द्यायचा, तोही कपाळावर नाही, मानेच्या मागे आणि खांद्यांवर. दुखणं डोक्यात जाणवत असलं तरी त्याचं मूळ तिथे आहे. उबेने आखडलेला स्नायू सैल पडतो, तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि डोक्यावरची ओढ कमी होते. पाणी गरम करा, जाड पंचा त्यात बुडवून घट्ट पिळा. आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. सुखद वाटलं पाहिजे, चटका बसता कामा नये. मग मानेवर ठेवा. गार होत आला की पुन्हा बुडवा. असं पंधरा-वीस मिनिटं करा. नंतर मान हळूहळू उजवीकडे-डावीकडे वळवा आणि खांदे वर-खाली करा. तव्यावर फडकं गरम करून कोरडा शेक दिला तरी चालतो.

धाकटीला गार पट्टी. गारव्याने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, तो भाग थोडा बधिर होतो आणि दुखण्याची जाणीव मंदावते. घरात फ्रीज नसला तरी अडत नाही. माठातल्या पाण्यात सुती फडकं भिजवून पिळायचं आणि कपाळावर, दुखऱ्या बाजूच्या कानशिलावर ठेवायचं. दुसरं फडकं मानेवर. अंगाच्या उबेने फडकं दोन-तीन मिनिटांत कोमट होतं, म्हणून ते सारखं बदलत राहायचं. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळूनच वापरायचा आणि पंधरा मिनिटांनी काढायचा. उघडा बर्फ कातडीवर धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. अर्धशिशीत पट्टी जितक्या लवकर ठेवाल तितकी बरी. ठणका चढायची वाट बघू नका. सोबत अंधार, शांतता, पाणी आणि पोट रिकामं असेल तर थोडं खाणं हवं. उपवास असला तरी काहीतरी पोटात जाऊ द्या.

आता उलट झालं तर? धाकटीच्या कानशिलावर कुणी प्रेमाने शेक दिला तर ठणका बहुधा आणखी वाढतो. थोरलीच्या आखडलेल्या मानेवर बर्फ ठेवला तर मान आणखी ताठरू शकते. यातूनच आपल्याला खूण मिळते. दहा मिनिटांत जरा हलकं वाटलं तर उपाय बरोबर आहे. दुखणं वाढलं तर लगेच काढा आणि दुसरा उपाय करून बघा. अर्धशिशी असूनही मानेवर ऊब बरी वाटणाऱ्या बायका असतात. अशा वेळी मानेवर ऊब आणि कपाळावर गार पट्टी असं एकाच वेळी केलं तरी चालतं.

तिसरा प्रकार सर्दीचा. नाक चोंदलंय, घट्ट शेंबूड येतोय, कपाळ आणि गाल जड झालेत, खाली वाकलं की दाब वाढतो. इथे कोमट ओलं फडकं नाकावर आणि गालांवर ठेवा. ऊब आणि ओलावा मिळाला की शेंबूड पातळ होतो आणि दाब उतरतो.

शेक देताना दोन गोष्टी सांभाळा. बाम चोळून त्यावर शेक देऊ नका, कातडी भाजते. ज्यांना साखरेचा आजार आहे किंवा कातडी बधिर झाली आहे, त्यांना चटका बसलेला कळत नाही. त्यांचा शेक दुसऱ्या कुणीतरी हाताने तपासून द्यावा.

पट्टी काय किंवा शेक काय, आराम देतात, दुखण्याचं कारण काढत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा डोकं दुखत असेल, किंवा दुकानातली गोळी वरचेवर घ्यावी लागत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सारख्या गोळ्या घेतल्यानेही डोकं दुखायला लागतं.

आणि काही डोकेदुखीत पट्टी-शेक करत बसायचंच नाही. एकाएकी, वीज पडावी तसं, आयुष्यात कधी दुखलं नाही इतकं डोकं दुखलं. ताप आणि मान ताठ झाली. तोंड वाकडं झालं, हातापायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं. डोक्याला मार लागल्यावर दुखणं आणि उलट्या सुरू झाल्या. उन्हातून आल्यावर अंग तापलं आणि ती असंबद्ध बोलायला लागली. यातलं काहीही दिसलं तर थेट १०८ ला फोन करा.

गरोदर बाईची गोष्ट तर विसरूच नका. पाचव्या महिन्यानंतर डोकं खूप दुखतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा चमकतं, तोंडावर-हातांवर सूज आहे, बरगडीखाली दुखतंय, तर रक्तदाब वाढलेला असू शकतो. त्यातून झटके येऊन आई आणि बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. "उद्या बघू" म्हणू नका, त्याच वेळी दवाखान्यात नेऊन रक्तदाब मोजून घ्या. बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यातही हेच लक्षात ठेवा.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणी "डोकं दुखतंय" म्हणाली तर आधी तीन प्रश्न विचारा. कुठे दुखतंय? आवळल्यासारखं की ठणकल्यासारखं? उजेड आणि मळमळ सोसते का? मान-खांद्यातून आवळत असेल तर ऊब, ठणकत असेल तर गारवा. पुढच्या गटाच्या बैठकीत एकमेकींचे खांदे दाबून बघा. कुणाचं दुखणं कुठून येतंय ते तिथेच कळेल.