मित्र आला, पण जेवत कोण होतं?

जपानी शिकणाऱ्याच्या डायरीत असं वाक्य हमखास सापडतं: ‘तोमोदाचि वा किता तोकि, गोहान ओ ताबेते इता.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, ‘मित्र आला तेव्हा मी जेवत होतो.’ जपानी वाचकाला मात्र मित्रच जेवताना दिसतो.

गफलत ‘वा’ची आहे. ‘वा’ विषय जाहीर करतो, आणि तो विषय सहसा वाक्याच्या शेवटच्या क्रियापदापर्यंत जाऊन पोहोचतो. ‘गा’ची धाव तेवढी नाही, तो जवळच्या क्रियापदाचा कर्ता दाखवून थांबतो. ‘तोमोदाचि गा किता तोकि’ लिहिलं की मित्र फक्त येतो, जेवणारा मी उरतो. त्या ‘मी’चा शब्दही लागत नाही, डायरी आपलीच असते! म्हणून ‘तोकि’ म्हणजे ‘तेव्हा’च्या उपवाक्याला वेगळा कर्ता असेल, तर तिथे ‘गा’च हवा.

त्याच वाक्यात दुसरी चूक हाताने लिहिताना होते. ‘ताबेते’मधल्या कांजी चिन्हात फक्त ‘ता’ मावतो. पुढचे ‘बे’ आणि ‘ते’ हिरागानात लिहायचे. या शेपटाला ओकुरिगाना म्हणतात. ‘बे’ गाळला, तर वाचक अडखळतो, कारण तेच चिन्ह ‘कुत्ते’ या रांगड्या क्रियारूपातही येतं. (मराठी कानाला तिथे भलताच प्राणी ऐकू येतो.) मग ‘बे’ राहिला की छोटा ‘त्सु’, हे त्याने ओळखायचं. फोनवर टाइप करताना ओकुरिगाना आपोआप येतो, त्यामुळे ही चूक वहीतच जास्त दिसते.