हात मारण्याआधी तरंगणे

बांगलादेशातील ‘स्विमसेफ’ वर्गांत गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून मुलांना शिकवतात. २५ मीटर पोहणे, ३० सेकंद तरंगणे आणि काठावरूनच दुसऱ्याला वाचवणे, एवढे जमले की मूल पास. माझ्या मते आपल्या शाळांनी यातील शेवटच्या दोन गोष्टी आधी घ्याव्यात.

तरंगताना छातीत श्वास भरून घ्यायचा, कान पाण्यात बुडू द्यायचे आणि आभाळाकडे पाहायचे. घाबरलेले मूल मान उचलते. मान वर आली की कंबर खाली जाते. म्हणून शिक्षकाने डोक्याखाली तळहात धरावा आणि मान सैल पडली की तो अलगद काढावा.

भाऊ बुडताना पाहून बहीण उडी घेते. घाबरलेला भाऊ तिलाच धरून वर येऊ पाहतो आणि दोघेही जातात. तिने आधी ओरडून मोठ्यांना बोलवावे, मग काठावर पालथे पडून काठी किंवा ओढणी पुढे करावी. उभ्याने दिली तर तोल जातो. आपणच ओढले जात असू तर काठी सोडायची, हे मुलांना बजावावे लागते. हा सराव शाळेच्या अंगणातही होतो; खडूची रेघ म्हणजे काठ.