पांढऱ्या साक्याचं वजन

उदगीरचा किल्ला ज्या काळ्या दगडावर उभा आहे, तोच बेसाल्ट इथल्या बोअरच्या पाण्याला आपले क्षार देतो. पाण्यात सल्फेट किती, हा प्रश्न इथं वरचेवर येतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, सल्फेट लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोत नसेल तर 400 पर्यंत चालवून घ्यावं, असं म्हटलं आहे. हल्ली प्रयोगशाळेत पाण्यात बेरियमचा गढूळपणा आणून तो यंत्रावर मोजतात आणि काही मिनिटांत आकडा मिळतो. आकड्याबद्दल वाद झाला, की मात्र जुना मार्ग आठवतो: सल्फेटचा बेरियम सल्फेट करा, जाळा, तोला.

हा मार्ग बीएस्सीच्या प्रात्यक्षिकात असतो, म्हणून तो विद्यार्थ्यांचा खेळ वाटतो. तसा तो नाही.

समजा, बोअरचं 500 मिलिलिटर पाणी घेतलं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ते कोरडं होईपर्यंत आटवायचं, पुन्हा थोडं आम्ल घालून पाण्यात घ्यायचं आणि गाळायचं. बेसाल्टच्या पाण्यात सिलिका बरीच असते. ती अशी वेगळी होते, नाहीतर साक्याबरोबर तीही तोलली जाते. शेताजवळच्या विहिरींत खतांमुळे आणि गोठ्यांमुळे नायट्रेट असतं, तेही आम्लाबरोबर वारंवार आटवल्यानं बरंचसं निघून जातं. एरवी ते बेरियम नायट्रेट होऊन स्फटिकात शिरतं आणि उत्तर फुगवतं.

आता 200 मिलिलिटर द्रावण, त्यात मिलिलिटरभर संहत आम्ल, आणि ते उकळीच्या जवळ तापलेलं. हे थोडं आम्ल बेरियम कार्बोनेट होऊ देत नाही. जास्त झालं तर मात्र बेरियम सल्फेट विरघळू लागतो. 5 टक्के बेरियम क्लोराइड गरम करून थेंबाथेंबानं, ढवळत घालायचं. या उदाहरणाला सुमारे 4 मिलिलिटर पुरतं, आपण 6 घालतो. भस्सकन ओतलं, की एकाच वेळी असंख्य बारीक कण जन्माला येतात. ते गाळणीतून निसटतात आणि आजूबाजूचे क्षारही पोटात धरून ठेवतात.

यानंतरचं डायजेशन घाईत असलेल्याला नकोसं वाटतं. बीकर झाकून 80 ते 90 अंशांवर किमान दोन तास, जमल्यास रात्रभर ठेवायचा; उकळू द्यायचा नाही. या वेळात बाहेरून काहीच घडत नाही. आत मात्र बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर जमा होत असतात, कारण लहान कणांची विद्राव्यता किंचित जास्त असते. स्फटिक नव्यानं रचला जाताना आत अडकलेला काही मळ बाहेर पडतो, सगळा नाही. वरचं पाणी नितळ झालं, साका खाली दाट बसला, की त्या नितळ पाण्यात बेरियम क्लोराइडचा आणखी एक थेंब टाकून पाहायचा. गढूळ झालं, तर सल्फेट अजून उरलं आहे.

व्हाटमन 42 चा राखविरहित कागद घेऊन गाळायचं. साका कागदावर चढतो, म्हणून तो काठापर्यंत भरायचा नाही. गरम पाण्यानं थोड्याथोड्या मात्रेनं धुवायचं. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकून पांढरेपणा आला नाही, की थांबायचं. जास्त धुणंही नको, कारण लिटरभर पाण्यात सुमारे अडीच मिलिग्रॅम बेरियम सल्फेट विरघळू शकतो.

खरी परीक्षा कागद जाळताना होते. घडी केलेला कागद, आधी तापवून तोललेल्या क्रुसिबलमध्ये ठेवून मंद ज्योतीवर वाळवायचा, मग काळा करायचा. त्यानं पेट घ्यायचा नाही. घेतला तर झाकण लावायचं, नाहीतर ज्वाळेबरोबर साक्याचे कण उडतात. कागद पूर्ण काळा झाला, की क्रुसिबल तिरपी करून, झाकण जरा उघडं ठेवून, भरपूर हवेत हळूहळू ताप वाढवायचा. हवेची कमतरता असताना जोराचा ताप दिला, तर कोळसा साक्यावरच चालून जातो:

BaSO4 + 4C → BaS + 4CO

अवशेष करडा दिसला, तर बहुधा कोळसा उरला आहे. सल्फाइड मात्र नुसत्या नजरेला हमखास कळेलच असं नाही. उपाय सोपा आहे: क्रुसिबल थंड झाल्यावर संहत गंधकाम्लाचे दोन थेंब टाकायचे, धूर जाईपर्यंत जपून तापवायचं आणि पुन्हा 800 अंशांवर भाजायचं. मग डेसिकेटरमध्ये थंड करून तोलायचं. वजन स्थिर होईपर्यंत हे पुन्हा करायचं.

या उदाहरणात साका 0.1822 ग्रॅम भरला. त्याला 0.4116 नं गुणलं, की सल्फेट 0.0750 ग्रॅम, म्हणजे लिटरला 150 मिलिग्रॅम. यातला दहावा भाग सल्फाइड झाला असता, तर वजन 5 मिलिग्रॅमनं घटलं असतं आणि उत्तर 146 आलं असतं.

या पद्धतीची कीर्ती चुकांच्या वजाबाकीवरही उभी आहे. विरघळणं वजन कमी करतं, साक्यात शिरलेलं बेरियम क्लोराइड ते वाढवतं. कॅल्शियम सल्फेट आत शिरलं, तर पुन्हा घट, कारण कॅल्शियम बेरियमपेक्षा हलकं. दोन नमुन्यांचे आकडे जुळले, म्हणजे उत्तर बरोबर असं मी म्हणत नाही. त्याच बोअरच्या पाण्यात मोजून सोडियम सल्फेट मिसळावं आणि घातलेलं परत किती मिळतं ते पाहावं. 50 मिलिग्रॅम सल्फेट घातलं आणि वाढ 47 चीच मिळाली, तर आधी क्रुसिबल तपासावी, मग डायजेशनचा वेळ.