जैनाबादची कादंबरी: साल ठरवा, मग नाव

तापीपलीकडच्या जैनाबादवर कादंबरी लिहिताय? मग आधी साल पक्कं करा. 1617 साली दख्खनच्या मोहिमेवर बुऱ्हाणपुरात आलेला शहजादा खुर्रम होता. त्याच साली मांडूला परतल्यावर बापाने त्याला 'शाहजहान' किताब दिला. म्हणजे काही महिन्यांत हाक बदलते.

हिराबाईचंही तसंच. ती औरंगजेबाच्या जनानखान्यात गेली आणि गावावरून 'जैनाबादी महल' झाली. पहिल्या भेटीत मात्र ती हिराबाईच हवी, आणि तो शहजादा औरंगजेब. 'आलमगीर' 1658 पासूनचा.

नावाड्याला विठोजी म्हटलं तर तो सरदार वाटेल. विठू बरा. त्याला आडनाव चिकटवू नका, 'जैनाबादचा विठू नावाडी' एवढं पुरे. रोहन तर नकोच बुवा!