आजारपणात जिमची मेंबरशिप थांबवायची तर

वर्षाची फी एकदम भरली की जिमचं घड्याळ सुरू होतं. आपण गेलो काय, न गेलो काय, दिवस कापले जातातच. चार दिवस दांडी झाली तर त्याचं फारसं वाटत नाही. पण पावसाळ्यात डेंग्यू झाला आणि दीड महिना घराबाहेर पडता आलं नाही, तर वर्षाच्या फीचा आठवा हिस्सा वाया जातो. त्यावरचा उपाय बहुतेक जिमच्या नियमांतच असतो. मेंबरशिप काही दिवस थांबवायची आणि तेवढेच दिवस पुढे वाढवून घ्यायचे. जिमच्या भाषेत याला 'फ्रीझ' म्हणतात. हा नियम पावतीच्या मागे, नाव नोंदवताना सही केलेल्या फॉर्मवर किंवा जिमच्या ॲपमध्ये सापडतो. तो आधी वाचावा, कारण वर्षात किती दिवस फ्रीझ मिळतो, एका वेळी कमीत कमी किती दिवसांचा घ्यावा लागतो आणि डॉक्टरांचा दाखला लागतो का, हे प्रत्येक जिममध्ये वेगळं असतं.

माणसं अडकतात ती एकाच ठिकाणी. ट्रेनरला व्हॉट्सॲपवर 'सर, ताप आहे, काही दिवस येत नाही' असं कळवतात आणि काम झालं असं धरून चालतात. ट्रेनर आपुलकीने 'काळजी घ्या' म्हणतो, पण कॉम्प्युटरमध्ये नोंद करण्याचं काम त्याचं नसतं. महिन्याभराने फ्रंट डेस्कवर विचारलं की उत्तर मिळतं, 'मागच्या तारखेपासून फ्रीझ होत नाही.' म्हणून अर्ज आजाराच्या पहिल्या आठवड्यातच जायला हवा आणि तो मॅनेजरच्या नावाने, शक्यतो ईमेलने जावा. अंगात त्राण नसेल तर घरच्या कोणीही पाठवला तरी चालतो.

एक उदाहरण घेऊ. मेंबरशिप 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 अशी आहे. 4 ऑगस्टला ताप आला, 6 तारखेला डेंग्यूची एनएस-1 चाचणी पॉझिटिव्ह आली आणि डॉक्टरांनी सहा आठवडे व्यायाम बंद करायला सांगितलं. जिमच्या नियमात वर्षाला 30 दिवसांचा फ्रीझ आहे, इथे लागणार आहेत 45. शिवाय पर्सनल ट्रेनिंगची 24 सत्रं वेगळे पैसे भरून घेतलेली आहेत. त्यातली 15 शिल्लक आहेत आणि त्यांची मुदत 30 सप्टेंबरला संपते. अशा वेळी पत्र असं लिहिता येईल:

दिनांक: 9 ऑगस्ट 2025
प्रति, मा. व्यवस्थापक
विषय: आजारपणामुळे मेंबरशिप 45 दिवस फ्रीझ करण्याबाबत (मेंबरशिप क्रमांक …)

महोदय,
मला डेंग्यू झाला असून डॉक्टरांनी सहा आठवडे व्यायाम न करण्याचा सल्ला दिला आहे. दाखला सोबत जोडला आहे. कृपया माझी मेंबरशिप 9 ऑगस्ट ते 22 सप्टेंबर 2025 असे 45 दिवस फ्रीझ करावी. नियमाप्रमाणे 30 दिवस मिळतात. उरलेले 15 दिवस वैद्यकीय कारणास्तव मंजूर करावेत, ही विनंती. त्यानुसार मेंबरशिपची अंतिम तारीख 31 मार्चऐवजी 15 मे 2026 होईल. पर्सनल ट्रेनिंगची 15 सत्रं शिल्लक आहेत, त्यांची मुदतही 30 सप्टेंबरऐवजी 14 नोव्हेंबर 2025 करावी.

मी 23 सप्टेंबरपासून पुन्हा येणार आहे. त्याआधी डॉक्टरांना दाखवून व्यायामाची परवानगी घेईन आणि ती आपल्याकडे देईन. पहिला आठवडा फक्त ट्रेडमिलवर चालणं आणि स्ट्रेचिंग, दुसऱ्या आठवड्यापासून पूर्वीच्या निम्म्या वजनाने व्यायाम आणि त्रास नसेल तर हळूहळू वाढ, असा माझा विचार आहे. ट्रेनरनी त्याप्रमाणे वेळापत्रक करून द्यावं. बरं व्हायला जास्त दिवस लागले तर 15 सप्टेंबरपर्यंत कळवेन.

फ्रीझ मंजूर झाल्याचं आणि नवीन अंतिम तारखेचं उत्तर कृपया ईमेलने द्यावं.
आपला विश्वासू, (सही)

या पत्रात आजाराचं वर्णन एका वाक्यात संपतं. प्लेटलेट किती उतरल्या, सलाईन किती लावलं हे जिमला सांगायची गरज नाही आणि रक्ताचे रिपोर्टही जोडू नयेत. दाखल्यावर विश्रांतीचा कालावधी आणि डॉक्टरांची सही-शिक्का असला की पुरे. आजाराचं नाव उघड करायचं नसेल तर 'वैद्यकीय कारणास्तव विश्रांती' एवढं लिहून द्या, असं डॉक्टरांना सांगता येतं.

परतीची तारीख मात्र लिहायलाच हवी. 'बरा झालो की येईन' या वाक्यावर मॅनेजरला काहीच करता येत नाही, कारण नोंद करताना सुरुवात आणि शेवट अशा दोन्ही तारखा लागतात. दुसरं असं की, फ्रीझ मागणारा पुढे पैसे परत मागेल, ही धास्ती जिमवाल्यांना असते. केव्हा येणार, कसा व्यायाम करणार हे लिहिलेलं असलं की ती कमी होते आणि नियमापलीकडचे 15 दिवस देणं मॅनेजरला सोपं जातं.

ही योजना आपल्या तब्येतीसाठीही हवी. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला असं नसतं. ताप उतरतानाचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पुढे प्लेटलेट दीड लाखांवर आल्या तरी थकवा कित्येकदा काही आठवडे रेंगाळतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून थेट जुन्या वजनाला हात घालू नये. जो पूर्वी 60 किलोने स्क्वॅट मारत होता, त्याने 30 किलोवर यावं आणि दुसऱ्या दिवशी अंग कसं आहे ते पाहून पुढे जावं. जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं किंवा चक्कर येते, तर व्यायाम थांबवून पुन्हा डॉक्टरांकडे जायला हवं. सहा आठवडे हा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नाही. तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

फ्रीझ मिळाल्यावरही लक्ष ठेवावं लागतं. ठरलेल्या तारखेला तो आपोआप उठतो आणि दिवस पुन्हा मोजले जाऊ लागतात, म्हणून वाढ हवी असेल तर आधी कळवायचं. लॉकरमधले बूट आणायला गेलात तरी बोट लावून हजेरी देऊ नका. त्या नोंदीमुळे फ्रीझ मोडल्याचं काही ठिकाणी सांगितलं जातं. फी ईएमआयवर भरली असेल तर हप्ते चालूच राहतात, कारण ते कर्ज देणाऱ्या कंपनीचे असतात आणि जिमने दिलेल्या फ्रीझशी तिचा संबंध नसतो. हप्ता चुकवला तर दंड लागतो आणि क्रेडिट स्कोअर घसरतो. दरमहा यूपीआय ऑटोपेने पैसे जात असतील तर मात्र त्या महिन्यांची वजावट थांबवा, असं पत्रातच वेगळं लिहावं.

नियमात असलेला फ्रीझही नाकारला गेला, तर कारण लेखी मागावं. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. तेव्हा पुरावा म्हणून उपयोगी पडतात ती पावती, दाखला आणि तारखेसह पाठवलेलं पत्र. ही तिन्ही जपून ठेवा आणि नव्या अंतिम तारखेचं लेखी उत्तर हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.